निरभ्र आकाशातून पतंग, पक्षी आणि विमानाचा पट्टा काढताना

निळंभोर मोकळं आकाश साफ करणं हे रिटचिंगमधलं सगळ्यात सोपं काम, असं बरेच जण धरून चालतात. गर्दीतून माणूस काढायचा तर मागे काय होतं ते रचावं लागतं, आकाशात तर मागे काहीच नसतं. पण हे 'काहीच नसणं'च अडचणीचं आहे. विटांच्या भिंतीत किंवा झाडीत एखादं ठिगळ लपून जातं, आकाशात लपायला जागा नसते. जानेवारीत मी असं एक काम पूर्ण केलं. या विषयावर जे सांगितलं जातं ते बहुतेक 'ब्रश फिरवा, झालं' इथेच थांबतं, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे.

फोटो माझ्या मैत्रिणीचा. एक जुना दीपस्तंभ, त्याच्या बाजूला एक निष्पर्ण झाड आणि फ्रेमचा दोन तृतीयांश भाग नुसतं आकाश. त्या आकाशात दोन पतंग होते आणि एका पतंगाचा मांजा दीपस्तंभाच्या कठड्यासमोरून तिरपा गेला होता. वर घिरट्या घालणाऱ्या घारी होत्या. शिवाय डाव्या वरच्या कोपऱ्यातून निघून थेट दीपस्तंभाच्या मागे शिरणारा, विमानाने सोडलेला पांढरा पट्टा होता. एका प्रदर्शनासाठी या फोटोची मोठी प्रिंट काढायची होती. तिने आधी एका ठिकाणी आकाश साफ करून घेतलं होतं. मोबाइलवर ते छान दिसत होतं. डिसेंबरच्या शेवटी लॅबने चाचणीची प्रिंट काढली, तेव्हा जिथे जिथे पक्षी होते तिथे तिथे धुरकट गोल डाग दिसले आणि पट्ट्याच्या जागी एक गुळगुळीत रस्ता. लॅबमधले गृहस्थ म्हणाले, "छपाई बरोबर आहे, फाइलमध्येच बघा." फाइल उघडून बघितली, त्यांचं म्हणणं खरं होतं.

"पुन्हा पहिल्यापासून कर," मैत्रीण म्हणाली, "पण ३१ तारखेच्या आत फॉर्म आणि फाइल दोन्ही गेलं पाहिजे."

फाइलला हात लावण्याआधी मी फॉर्म नीट वाचून काढला आणि तुम्हीही तेच करा. या फॉर्ममध्ये दोन विभाग होते. माहितीपर छायाचित्रांच्या विभागात फ्रेममधली कोणतीही गोष्ट काढायला किंवा घालायला मनाई होती, फक्त उजेड, रंग आणि कातरकाम चालणार होतं. दुसऱ्या, मोकळ्या विभागात वस्तू काढायला परवानगी होती, पण काय काढलं ते लिहून द्यायचं आणि मागितल्यास मूळ रॉ फाइल दाखवायची. बातमीच्या किंवा माहितीच्या फोटोतून पक्षी काढणं म्हणजे खोटं सांगणं, हे माझं ठाम मत आहे. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धाही याच कारणासाठी अशी फाइल बाद करतात. आमचा फोटो मोकळ्या विभागात जाणार होता, म्हणून पुढे गेलो. फॉर्ममधली दुसरी महत्त्वाची ओळ होती फाइलबद्दल: १६-बिट टिफ, लेअर एकत्र केलेले, रंगांची प्रोफाइल जोडलेली. एक चाचणी प्रिंट मोफत, त्यापुढच्या प्रत्येक चाचणीचे पैसे वेगळे आणि नमुना हातात यायला आठवडाभर. म्हणजे स्क्रीनवर नक्की खात्री होईपर्यंत फाइल पाठवण्यात अर्थ नव्हता.

डाग का पडतात ते आधी बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. निरभ्र आकाश दोन गोष्टींचं बनलेलं असतं. एक म्हणजे रंगाचा सावकाश उतार: वर गडद निळा, क्षितिजाकडे फिकट, सूर्याच्या बाजूला आणखी उजळ. दुसरी म्हणजे त्या उतारावर सगळीकडे पसरलेले बारीक कण, ज्याला आपण नॉइज किंवा ग्रेन म्हणतो. कमी आयएसओवरही ते असतात, फक्त लक्षात येत नाहीत. डोळा ते वेगळे पाहत नाही, पण एखाद्या ठिकाणी ते नसले की ती जागा लगेच 'पुसलेली' वाटते. म्हणजे बहुतेक वेळा डागाचा रंग चुकलेला नसतो, तिथले कण गेलेले असतात.

कण जातात कुठे? सरासरीत. मऊ कडेचा ब्रश घेऊन क्लोन केलं की ब्रशच्या कडेला जुने कण अर्धे आणि नवे कण अर्धे मिसळतात. दोन वेगवेगळ्या जागांचे कण असे समसमान मिसळले की त्यांची तीव्रता मूळच्या सुमारे ७१ टक्क्यांवर येते. त्याच जागेवरून ब्रश पुन्हा फिरवला की आणखी खाली. मऊ ब्रश, कमी ओपॅसिटी, हलक्या हाताने पुन्हा पुन्हा फिरवणं, ही सगळी एरवी उपयोगी पडणारी सवय आकाशात नेमकी उलट काम करते. रंगाच्या उताराची सरासरी केली तर चालते, उलट फायद्याची ठरते. कणांची सरासरी मात्र कधीही करायची नाही. या एका फरकावर मी सगळं काम बेतलं.

आधी साफ केलेली फाइल बाजूला ठेवून रॉपासून सुरुवात केली. कारण आधीची फाइल जेपेग होती. जेपेगमध्ये चित्र ८×८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबलं जातं आणि आकाशासारख्या सपाट जागी बारीक कणांचा बराच भाग तिथेच नाहीसा होतो. त्यातून चांगले कण उचलणार कुठून? दुसरं कारण बिटचं. ८-बिट फाइलमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. आकाशाचा उतार समजा ३,००० पिक्सेलमध्ये फक्त ३० पायऱ्या चढत असेल, तर प्रत्येक पायरी १०० पिक्सेल रुंद होते. कण असतात तोवर त्या पायऱ्या झाकलेल्या राहतात. कण पुसले की त्या जागी पट्टे दिसायला लागतात. म्हणून रॉ उघडताना १६-बिट, शार्पनिंग शून्य आणि नॉइज कमी करण्याची सेटिंग अगदी थोडी ठेवली. शार्पनिंग शेवटी करायचं, कारण आधी केलं की प्रत्येक पक्ष्याभोवती एक फिकट कडं तयार होतं आणि मग पक्ष्याबरोबर तेही काढत बसावं लागतं.

मी फोटोशॉप वापरलं. पहिली गोष्ट केली ती तपासणीचा लेअर. सगळ्यात वर एक कर्व्ह्ज अॅडजस्टमेंट लेअर टाकला आणि त्याची रेघ अशी उभी केली की आकाशाच्या छटांमधला फरक कितीतरी पटींनी वाढून दिसेल. चित्र भयानक दिसतं, पण एरवी न दिसणारं सगळं उघडं पडतं. तो लेअर चालू केल्यावर दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे सेन्सरवरच्या धुळीचे डाग, जे कुणाच्याच लक्षात आले नव्हते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: विमानाचा पट्टा जेवढा दिसत होता त्याच्या जवळजवळ तिप्पट रुंद होता. डोळ्याला साधारण ९० पिक्सेलचा पट्टा दिसत होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंना फिकट धूसर पसारा मिळून तो अडीचशेच्या पुढे जात होता. हा पट्टा म्हणजे इंजिनाच्या वाफेतून तयार झालेले बर्फाचे स्फटिक. वरची हवा थंड आणि दमट असेल तर ते विरत नाहीत, वाऱ्याने पसरत जातात. पट्टा जितका जुना तितका त्याचा पसारा मोठा. फक्त पांढरा भाग काढला, तर मागे दोन समांतर फिकट रेघा राहतात. आधीच्या फाइलमध्ये अगदी तेच झालं होतं.

कामाला सुरुवात मात्र घारींपासून केली, कारण त्या सगळ्यात सोप्या. मैत्रिणीने तो क्षण सलग दोन-तीन फ्रेममध्ये टिपला होता, एक्सपोजर मॅन्युअलवर स्थिर. दुसऱ्या फ्रेममध्ये त्याच जागी घार नव्हती, खरं आकाश होतं, त्याच कॅमेऱ्याचं, त्याच कणांचं. यापेक्षा चांगलं साहित्य मिळणार नाही. दुसरी फ्रेम त्याच सेटिंगने रॉमधून काढली, खालच्या लेअरवर ठेवली, वरच्या लेअरला मास्क लावला आणि घारीच्या जागी मास्कमध्ये कडक कडेच्या काळ्या ब्रशने एक टिपका दिला. खालून स्वच्छ आकाश वर आलं.

इथे एक खाच आहे. दोन फ्रेम जुळवण्यासाठी Auto-Align Layers वापरावंसं वाटतं. ते केलं तर प्रोग्राम दुसरी फ्रेम अर्ध्या-पाव पिक्सेलने सरकवतो, किंचित फिरवतो आणि त्यासाठी शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतो. म्हणजे कण पुन्हा मऊ झाले. दीपस्तंभासाठी जुळवणी लागते, मोकळ्या आकाशासाठी लागत नाही. एका घारीच्या जागी आलेलं आकाश दहा पिक्सेल बाजूचं असलं तरी कुणाला कळणार आहे? म्हणून मी फ्रेम तशीच ठेवली. एका बाजूला थोडं सरकवायची गरज पडली तेव्हा बाणांच्या कळांनी पूर्ण पिक्सेलच्या मापात सरकवली.

दुसरी फ्रेम नसेल तर घारीसारख्या लहान गोष्टींना हीलिंग ब्रश पुरतो. हा ब्रश दुसरीकडचा पोत उचलतो आणि त्याची छटा आजूबाजूच्या रंगाशी जुळवून घेतो. तीन गोष्टी सांभाळायच्या. ब्रशची कड कडक ठेवा. वरच्या पट्टीत Diffusion नावाची सेटिंग असते, ती कणदार चित्रासाठी कमी ठेवा. आणि पक्षी, त्याच्या हललेल्या पंखांची धूसर कड, सगळं एकाच टिपक्यात पूर्ण झाकलं जाईल एवढा मोठा ब्रश घ्या. कारण हीलिंगला छटा कळते ती टिपक्याच्या कडेवरून. कडेवर पंखाचा एक करडा पिक्सेल जरी राहिला तरी तो करडेपणा आत झिरपतो आणि तिथे मळकट ढग तयार होतो. लाल पतंगाच्या बाबतीत तर हे जास्तच जाणवतं: कागदाचं टोक बाहेर राहिलं की त्या जागी गुलाबी झाक उरते. तशी झाक दिसली तर तिच्यावर पुन्हा ब्रश मारू नका. Undo करा आणि मोठ्या ब्रशने एकाच टिपक्यात घ्या.

आकाश कुठून उचलायचं यालाही पद्धत आहे. कण सगळीकडे सारखे नसतात. फोटोच्या कोपऱ्यांत लेन्समुळे येणारा अंधार सॉफ्टवेअर उजळून काढतं, त्यामुळे तिथले कण मधल्या भागापेक्षा जाड दिसतात. म्हणून कोपऱ्यातल्या पतंगासाठी मध्यावरचं आकाश घेऊ नये. तपासणीच्या लेअरमध्ये उताराच्या पायऱ्या नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या दिसतात. त्याच रेषेवरून, जवळच्या अंतरावरून उचलायचं. या फोटोत त्या रेषा आडव्या नव्हत्या, सूर्य उजवीकडे असल्यामुळे तिरप्या होत्या. सरळ बाजूचं आकाश घेतलं असतं तर छटा चुकली असती.

मांजाने वेळ खाल्ला, पण डोकं खाल्लं नाही. तो जेमतेम तीन पिक्सेल जाड. मोकळ्या आकाशात हीलिंग ब्रश एका टोकाला टेकवायचा आणि शिफ्ट दाबून दुसऱ्या टोकाला क्लिक करायचं, सरळ रेघेत निघून जातो. मांजाला झोल असतो, म्हणून छोटे छोटे तुकडे घेतले. कठड्याच्या गजांसमोरून गेलेला भाग मात्र हीलिंगला दिला नाही. गडद गज जवळ असले की त्यांची काळी छटा आकाशात ओढली जाते आणि कडेला काजळी धरल्यासारखं होतं. तिथे क्लोन स्टॅम्प, कडक कड, ओपॅसिटी १००, आणि उचलायची जागा त्याच गजावर थोडी वर. गजाची कड आणि तिला लागून असलेलं आकाश दोन्ही एकत्र आलं, त्यामुळे कडेवरचा एक-दोन पिक्सेलचा नैसर्गिक मऊपणाही तसाच राहिला.

आता मुख्य काम, विमानाचा पट्टा. हा लांब, रुंद आणि उताराला तिरपा छेदणारा. हीलिंग ब्रशने एवढा मोठा भाग घेतला की मधली छटा कुठेतरी भरकटते. क्लोनने घेतला की दोन्ही काठांवर छटेचा जोड दिसतो, आणि तो लपवायला कड मऊ केली की कण जातात. यातून सुटायचं तर उतार आणि कण खरोखरच वेगळे करावे लागतात. रिटचिंग करणारे याला फ्रीक्वेन्सी सेपरेशन म्हणतात. त्वचेच्या कामासाठी ते खूप वापरलं जातं. आकाशासाठी ते मला त्याहून जास्त योग्य वाटतं, कारण इथे दोन थर खरंच स्वच्छ वेगळे होतात.

तोवरचं सगळं एका लेअरमध्ये एकत्र करून त्याच्या दोन प्रती काढल्या. खालच्या प्रतीला 'उतार' नाव दिलं आणि तिच्यावर १५ पिक्सेलचा गॉशियन ब्लर लावला. आमच्या फोटोत एक कण दोन-तीन पिक्सेलचा होता. त्याच्या पाच-सात पट ब्लर घेतला की खालच्या थरात कणांचा मागमूस राहत नाही, नुसता रंग राहतो. वरच्या प्रतीला 'कण' नाव दिलं आणि Image > Apply Image मध्ये १६-बिटसाठी हे आकडे भरले:

```
Layer: उतार
Invert: ✓
Blending: Add
Scale: 2
Offset: 0
```

८-बिट फाइल असेल तर Invert न लावता Blending ला Subtract, Scale 2 आणि Offset 128. मग 'कण' लेअरचा ब्लेंड मोड Linear Light केला. फोटो जसाच्या तसा दिसायला हवा. दिसत नसेल तर आकडे चुकलेत, पुढे जाऊ नका. गिंपमध्ये हेच काम Grain extract आणि Grain merge या मोडने होतं.

आता 'उतार' थरावर पट्टा भरायचा. इथे मी जे केलं ते मला या सगळ्या कामातलं सर्वांत समाधानाचं वाटतं. पट्ट्याच्या डावीकडे ३०० पिक्सेलवर आकाशाची एक छटा आहे, उजवीकडे ३०० पिक्सेलवर दुसरी. उतार सावकाश आणि एकसारखा असेल, तर बरोबर मधली छटा म्हणजे या दोन्हींची सरासरी. म्हणून पट्ट्याच्या पूर्ण पसाऱ्यापेक्षा थोडी रुंद निवड केली आणि ती निवड पट्ट्याला काटकोनात डावीकडे ३०० पिक्सेल सरकवली. तिथलं आकाश Ctrl+J ने नव्या लेअरवर घेऊन ते पट्ट्यावर आणून ठेवलं. मग तसंच उजवीकडून, तेवढ्याच अंतरावरून. वरच्या तुकड्याची ओपॅसिटी ५० टक्के केली. दोन्ही तुकडे एका ग्रुपमध्ये घालून ग्रुपला मास्क लावला आणि मास्कची कड चांगली ४० पिक्सेल मऊ केली. हे सगळं 'उतार'च्या वर आणि 'कण'च्या खाली. इथे सरासरीही चालते आणि मऊ कडही चालते, कारण या थरात कणच नाहीत.

तपासणीचा लेअर चालू केला तेव्हा समोच्च रेषा पट्ट्याच्या जागेतून न तुटता पलीकडे गेलेल्या दिसल्या. फक्त खालच्या भागात, क्षितिजाजवळ, पट्ट्याच्या जागी किंचित उजळ सावली उरली होती. कारण सरळ आहे: क्षितिजाजवळ आकाश झपाट्याने फिकट होतं, उतार एकसारखा राहत नाही, त्यामुळे दोन टोकांची सरासरी मधल्या छटेशी तंतोतंत जुळत नाही. तिथे पट्ट्याचा पसारा अरुंद होता, म्हणून अंतर ३०० वरून १८० वर आणलं आणि पट्टा लहान तुकड्यांत केला, तेव्हा सावली गेली. डाव्या वरच्या कोपऱ्यात वेगळी अडचण होती. तिथे पट्ट्याच्या एका बाजूला फ्रेमच संपत होती, त्यामुळे सरासरी काढायला दुसरी बाजू नव्हती. तेवढ्या तुकड्यासाठी एकाच बाजूचं आकाश घेतलं आणि त्या तुकड्यापुरता कर्व्ह्ज लेअर लावून निळा आणि हिरवा चॅनल हाताने जुळवला. हे डोळ्याचं काम आहे, त्याला सूत्र नाही. तपासणीचा लेअर चालू ठेवूनच करावं लागतं.

उतार झाला, आता 'कण' थर. या थरात रंग जवळजवळ नसतोच, सगळीकडे मधला करडा आणि त्यावर कण. म्हणून इथे उलट नियम: कड पूर्ण कडक, ओपॅसिटी १००, एकाच बाजूचं आकाश, मिसळणं बिलकूल नाही. पट्ट्याच्या डावीकडची लांब पट्टी फेदर शून्य ठेवून निवडली आणि तशीच पट्ट्यावर आणली. एवढी कडक कड असूनही जोड दिसत नाही, कारण छटेचा फरक खालच्या थरात आधीच मिटलेला असतो आणि कणांना ओळ नसते. उचललेल्या पट्टीत धुळीचा डाग किंवा एखादा दूरचा पक्षी नाही एवढं मात्र आधी बघायचं, नाहीतर तो दोनदा दिसतो.

मग प्रश्न आला तो दीपस्तंभाच्या कडेचा. ब्लरमुळे 'उतार' थरात भिंतीचा गडद रंग आकाशात आणि आकाशाचा निळा भिंतीत सांडलेला असतो. तिथे वरची पद्धत वापरली तर भिंतीभोवती प्रभावळ येते. म्हणून ब्लरच्या साधारण तिप्पट अंतर, आमच्या बाबतीत ४५ पिक्सेल, सोडूनच पट्टा थांबवला. उरलेला भाग दोन्ही थर एकत्र करून वेगळ्या प्रतीवर क्लोन स्टॅम्पने केला. दीपस्तंभ वर निमुळता होतो, पण त्याची एक कड सरळ रेघ आहे. त्या रेघेवरच थोडं वर Alt-क्लिक करून त्याच तिरकेपणाने खाली आणलं की कड कडेवर बसते. वरचं आकाश किंचित गडद असल्यामुळे मोठी झेप घेतली नाही, लगतच्या भागातून थोडं थोडं आणलं. झाडाच्या फांद्यांमध्ये पट्ट्याचा फिकट पसारा उरला होता, तो मी क्लोन केला नाही. निळ्या चॅनलवरून आकाशाची निवड केली आणि फांद्या वगळून कर्व्ह्जने तो भाग जरासा गडद केला. तिथले मूळ कण जागचे हलले नाहीत, आणि फांद्यांच्या गर्दीत तेवढं पुरलं.

खात्री कशी करायची? नुसत्या नजरेवर माझा विश्वास नाही, तासभर एकाच आकाशाकडे बघितल्यावर डोळा काहीही मान्य करतो. फोटोशॉपच्या Histogram पॅनेलमध्ये Expanded View निवडला की Mean आणि Std Dev असे दोन आकडे दिसतात. साधारण १००×१०० पिक्सेलचा चौकोन काढायचा, आधी दुरुस्त केलेल्या जागी, मग शेजारच्या अस्पर्श आकाशात. पॅनेलवर लहान त्रिकोणी खूण आली असेल तर तिच्यावर क्लिक करून आकडे ताजे करायचे, नाहीतर ते अंदाजे असतात. Std Dev म्हणजे कणांची तीव्रता. चौकोन लहान ठेवायचा, कारण मोठा घेतला की त्यात उतारही मोजला जातो. आमच्या फोटोत अस्पर्श आकाशाचा आकडा ४.१ च्या आसपास होता. पट्ट्याच्या जागी ४.० आला. मुद्दाम आधीची, डाग पडलेली फाइल उघडून तिच्यातही मोजलं: शेजारी ३.२ आणि डागात १.४. प्रिंटमध्ये जे दिसलं होतं ते इथे आकड्यात सापडलं. एका पतंगाच्या जागी मला ३.१ मिळालं, म्हणून तेवढी जागा पुन्हा केली.

आकड्यांबरोबर नजरेच्याही दोन चाचण्या घेतल्या. १०० टक्क्यांवर कण बघायचे, आणि मग चित्र एकदम लहान करून, २५ टक्क्यांवर, उतार बघायचा. कणांचा दोष मोठ्या आकारात दिसतो, छटेचा दोष लहान आकारात. जे बराच वेळ मोठं करून काम करतात त्यांच्याकडून दुसरा राहून जातो. फोटो उलटा-आडवा करून बघितला तर डोळा ताजा होतो, हेही करून पाहा.

शेवटी शार्पनिंग केलं, तेही दीपस्तंभ आणि झाडापुरतं, आकाशाला मास्क लावून. लेअर असलेली मूळ फाइल वेगळी ठेवली, एकत्र केलेली १६-बिट टिफ लॅबला गेली. प्रिंटसाठी आकार वाढवायचा होता तो सगळं संपल्यावर वाढवला. आधी वाढवला असता तर कणही फुगले असते आणि वरचे सगळे आकडे बदलावे लागले असते.

नमुना यायला सांगितल्याप्रमाणे आठवडा लागला. तोवर फॉर्ममधला 'केलेले बदल' हा रकाना भरला. त्यात मोघम 'आकाश साफ केले' असं न लिहिता, दोन पतंग, मांजा, पक्षी आणि विमानाचा पट्टा काढला, आकाशाची छटा आसपासच्या आकाशावरून भरली, असं लिहिलं. सोबत मूळ रॉची लहान प्रतही जोडली. मागितली नव्हती, पण नंतर पत्रव्यवहारात वेळ जाऊ नये म्हणून.

नमुना आला तेव्हा मैत्रिणीने तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला. मग म्हणाली, "पट्टा नेमका कुठून जात होता ते दाखव बरं." मी बोटाने दाखवलं. तिने मंजुरीच्या कागदावर सही केली आणि मोठ्या प्रिंटची ऑर्डर दुपारीच नोंदवली.